नागपूर ते न्यूयॉर्क फाइल सिंक: ऑफसेट टाकायचा, सर्व्हरकडून यूटीसी घ्यायची की स्वतःची नोंद ठेवायची?

सीताबर्डीतल्या ऑफिसचा सर्व्हर भारतीय वेळेवर, फाइल जायच्या न्यूयॉर्कमधल्या एफटीपी सर्व्हरवर, आणि नियम एवढाच की इथली फाइल तिथल्यापेक्षा नवी असेल तरच पाठवायची. अशा ठिकाणी वेळ कशी जुळवायची याचे तीन मार्ग आहेत. एसएसएच मिळत असेल तर `rsync -t` वापरा आणि पुढचं वाचूही नका, कारण तिथे फाइलची वेळ यूटीसीतल्या सेकंदांच्या आकड्यातच जाते. अडचण येते ती फक्त एफटीपी असेल तेव्हा.

१० मार्च २०२६ ची संध्याकाळ घ्या. ६:४० ला `bill.csv` गेली. तिकडच्या यादीत ती अशी दिसते:

```
-rw-r--r-- 1 ftp ftp 48210 Mar 10 09:10 bill.csv
```

या ओळीत टाइमझोन कुठेच नाही. ९:१० म्हणजे कुठले ९:१०, हे आपल्या टूलला ठरवावं लागतं.

पहिला मार्ग: ठरावीक ऑफसेट. टूलच्या सेटिंगमध्ये फरक भरला की काम झालं, म्हणून बहुतेक जण हाच निवडतात. जानेवारीत फरक साडेदहा तासांचा असतो, तो भरला आणि सगळं नीट चाललं. पण ८ मार्चला अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली आणि फरक साडेनऊ तासांवर आला. आता टूल ९:१० मध्ये साडेदहा तास मिळवतं आणि फाइल संध्याकाळी ७:४० ची समजतं. इथे कुणी ७:१५ ला बिलात दुरुस्ती केली, तर रात्री दहाच्या रनला इथली फाइल जुनी वाटते आणि ती सोडून दिली जाते. एरर येत नाही, लॉगमध्ये सगळं हिरवं. त्या फाइलला पुन्हा हात लागेपर्यंत चुकीचं बिल तिकडे तसंच राहतं. नोव्हेंबरात फरक परत साडेदहावर येतो. मधल्या काळासाठी साडेनऊ भरून ठेवलं असेल, तर मग तिथली प्रत एक तास जुनी वाटते आणि न बदललेल्या काही फाइल उगाच पुन्हा जातात. त्यात नुकसान नाही, फक्त बँडविड्थ जाते. खरा धोका मार्चचा, कारण तो दिसत नाही.

शिवाय युनिक्स पद्धतीच्या यादीत साधारण सहा महिन्यांहून जुन्या फाइलपुढे तास-मिनिटं जाऊन वर्ष येतं. मग ऑफसेट लावायचा तरी कशाला? दुबई किंवा सिंगापूरचा सर्व्हर असेल तर घड्याळ बदलत नाही, तिथे अलीकडच्या फाइलसाठी हा मार्ग चालतो. न्यूयॉर्क किंवा लंडनसाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरा मार्ग: सर्व्हरलाच यूटीसी विचारणं. `MDTM` या कमांडचं उत्तर यूटीसीत असावं, असं २००७ च्या आरएफसी ३६५९ मध्ये ठरलेलं आहे.

```
MDTM bill.csv
213 20260310131000
```

१३:१० यूटीसी म्हणजे आपले ६:४०. इथली वेळही यूटीसीत वाचली की मार्च-नोव्हेंबरचा प्रश्नच उरत नाही. `MDTM` एकेका फाइलला विचारावं लागतं, त्यामुळे हजारो फाइल असतील तर रन लांबतो. सर्व्हर `MLSD` देत असेल तर पूर्ण फोल्डरच्या वेळा एकदम मिळतात. दोन्हींपैकी काय मिळतं ते `FEAT` सांगतं.

मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. vsftpd मध्ये `use_localtime` चालू केलेलं असेल तर `MDTM` सुद्धा स्थानिक वेळ देतं. एक रिकामी फाइल पाठवा, लगेच `MDTM` विचारा आणि आपल्याकडच्या `date -u` शी ताडून पाहा. काही सेकंदांचा फरक आला तर ठीक. बरोबर चार किंवा पाच तासांचा आला, तर तो सर्व्हर न्यूयॉर्कची वेळ सांगतोय. दोन-चार मिनिटांचा आला, तर कुठल्या तरी बाजूचं घड्याळ सरकलंय, आणि ते एनटीपीने आधी दुरुस्त करायला हवं.

तिसरा मार्ग: तिकडची वेळ बघायचीच नाही. फाइल यशस्वी गेली की तिचा आकार आणि यूटीसीतली बदलाची वेळ नागपूरच्याच सर्व्हरवर लिहून ठेवायची. पुढच्या रनला इथली फाइल त्या नोंदीशी ताडायची, फरक दिसला की पाठवायची. तुलना एकाच घड्याळाची स्वतःशी होते. पाठवायला सुरुवात करण्याआधी वाचलेली वेळच नोंदवा, नाहीतर पाठवताना झालेला बदल निसटतो.

यात तिकडे कुणी फाइल उडवली किंवा बदलली तर कळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा दोन्हीकडची नावं आणि आकार ताडून पाहावे लागतात. नोंद हरवली तर एकदा सगळं पुन्हा पाठवावं लागतं.

माझा कल असा: चाचणीत खरी यूटीसी देणारा सर्व्हर असेल तर दुसरा मार्ग, कारण तो तिकडची खरी स्थिती बघतो. सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि त्याची सेटिंग कधीही बदलू शकत असेल, तर तिसरा. रनचं वेळापत्रक मात्र दोन्हींत नागपूरच्या बाजूनेच लावा. न्यूयॉर्कच्या घड्याळात ८ मार्चला पहाटे अडीच वाजलेच नव्हते, आणि १ नोव्हेंबरला पहाटेचे दीड दोनदा वाजणार आहेत.