कोल्हापुरी चपलांच्या विक्रीसाठी काय करावं: कामाची रील की कारागिराची गोष्ट?

दोन्हींना वेळ नसेल तर निवड करावी लागते, आणि दोन्हींचं काम वेगळं आहे.

रीलला मेहनत चित्रीकरणात. तळ कापणं, ठोकणं, वेणी गुंफणं, चामड्याच्या वादीने शिवणं असे पाच-सहा तुकडे, प्रत्येकी तीन-चार सेकंदांचे. समोरून घेतलं तर कारागिराचेच हात आड येतात. मोबाइल त्याच्या खांद्यामागून, थोडा वरून धरा. ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्‌झची. खिडकीचा उजेड मिळाला तर उत्तमच. ठोकण्याचा आवाज ठेवा, वर गाणं चढवू नका. रील अनोळखी लोकांपर्यंत जाते, पण लवकर मागे पडते.

गोष्टीला कॅमेरा कमी, कान जास्त लागतो. "किती वर्षं करताय?" विचारलं की ठरावीक उत्तर मिळतं. "कुठला टाका चुकला की चप्पल परत येते?" विचारा, दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि त्यांचेच शब्द ठेवा. "पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा" लिहिलंत की गोष्ट मेली; ते वाक्य कुणालाही चिकटतं. नाव-फोटोला आधी परवानगी घ्या, छापण्याआधी मजकूर वाचून दाखवा. हीच गोष्ट खोक्यातल्या कार्डावर वर्षभर चालते.

नवं गिऱ्हाईक हवं असेल तर रील. लोक येतात पण किंमत ऐकून थबकतात, अशी अडचण असेल तर गोष्ट.