चिंगीची घंटा: सात छोट्या क्लिपांत सांगितलेली गोष्ट आणि तिच्यातले आवाज (वापरानंतरचा अनुभव)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना फोनवर गोष्ट ऐकवायची, तर दोन गोष्टी धरून चालाव्या लागतात. एक म्हणजे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, त्यामुळं मुलाचा मराठी शब्दसाठा किती हे आधी सांगता येत नाही. दुसरी म्हणजे मूल फोनकडं बघतच असेल असं नाही. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या आईचा फोन सुपाशेजारी पडलेला असतो आणि पोर इकडंतिकडं खेळत असतं. म्हणून चित्र नको, फक्त आवाज. वाक्य तीन-चार शब्दांचं. आणि मधे मधे साउंड इफेक्ट. ही पद्धत काही महिने नियमित वापरल्यावर काय टिकलं आणि काय काढून टाकावं लागलं, ते इथं आहे. साधनं म्हणाल तर साधा अँड्रॉइड फोन, जुना लॅपटॉप आणि आवाज कापण्या-जोडण्याचं ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर.

निकाल आधीच सांगतो. पद्धत चालते, पण इफेक्ट शोभेसाठी टाकले की बिघडते. एका गोष्टीत तीन-चारच आवाज असावेत आणि प्रत्येकाचा अर्थ शेवटपर्यंत तोच राहावा.

नमुन्याला ‘चिंगीची घंटा’ घेऊ. चिंगी हे शेळीचं करडू. तिच्या गळ्यातली घंटा उसात पडते, ती शोधते, सापडते. एवढीच गोष्ट. सात क्लिपा, प्रत्येक साधारण ४० सेकंदांची. लहान मुलांसाठी सावकाश बोललं आणि आवाजांना जागा ठेवली, तर ४० सेकंदांत ३५ ते ४० शब्द बसतात. त्याहून जास्त कोंबले की बोलणारा घाई करतो आणि ‘चालते’, ‘पळते’ यांची शेवटची अक्षरं गिळली जातात. पहिल्या क्लिपेचं स्क्रिप्ट असं:

ही चिंगी. [घंटा, एकदा] चिंगी लहान आहे. चिंगी काळी आहे. चिंगीच्या गळ्यात घंटा आहे. [घंटा, एकदा] चिंगी चालते. [घंटा सावकाश, ३ सेकंद] चिंगी पळते. [घंटा भरभर, ३ सेकंद] चिंगी थांबते. [घंटा बंद, २ सेकंद] चिंगी पुन्हा पळते! [घंटा भरभर]

यात ‘थांबते’नंतरचे दोन सेकंद सगळ्यात मोलाचे आहेत. चिंगी थांबली की घंटा थांबते, हे मुलाला इथं कळतं, आणि चौथ्या क्लिपेचा सगळा भार याच्यावर आहे. त्या क्लिपेत ‘चिंगी चालते’ म्हटलं जातं आणि घंटा वाजत नाही. ‘चिंगी पळते’, तरीही नाही. आधीच्या क्लिपेत घंटा पडली एवढंच आलेलं असतं, हरवली हे निवेदक अजून बोललेलाच नसतो, पण चार वर्षांचं पोर ‘घंटा कुठाय?’ विचारतं. ज्याला ‘हरवली’ हा शब्द माहीत नाही, त्यालाही काय झालं ते समजतं.

पण इथंच पहिली अडचण येते. घंटेच्या जागी पूर्ण शांतता ठेवली, तर घरात वाटतं की क्लिप अडकली. आई फोन उचलून बघते, मागं-पुढं करते आणि गोष्ट तुटते. म्हणून घंटा काढली तरी चिंगीची पावलं चालू ठेवायची. उसाच्या वाळलेल्या पाचटावर हाताच्या दोन बोटांनी चालीत दाबलं की करडाची पावलं छान निघतात. हा पावलांचा आवाज पहिल्या क्लिपेपासून घंटेच्या मागं हळू ठेवलेला असला पाहिजे. चौथ्यात तो एकदम नवा आला, तर मूल ‘हे कोण आलं?’ म्हणून दुसरीकडं बघतं. ‘थांबते’नंतरच्या दोन सेकंदांतही कोरी शांतता नको. रेकॉर्डिंगच्या खोलीचा मोकळा आवाज अर्धा मिनिट वेगळा घेऊन ठेवायचा आणि तोच तिथं चिकटवायचा.

आवाज शब्दाच्या आधी की नंतर, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला येतो. नवा आवाज असेल तर आधी शब्द, मग आवाज: ‘कावळा आला. [काव काव]’. तोच आवाज दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आला की उलटं करायचं: ‘[काव काव] कावळा आला.’ मधल्या अर्ध्या सेकंदात पोरं स्वतःच ‘कावळा!’ ओरडतात. शब्दावर आवाज चढवायचा मात्र कधीच नाही. ‘घ’, ‘थ’, ‘च’ ही व्यंजनं फार थोडा वेळ टिकतात, त्यावर घंटा आली की ती झाकली जातात. मोठा माणूस अंदाजानं शब्द भरून घेतो. ज्याला शब्दच नवीन आहे, तो कशानं भरणार?

सहाव्या क्लिपेत पाऊस आहे. वाक्यांमागं पाऊस चालू ठेवायचा मोह होतो आणि ऑडॅसिटीत `Auto Duck` ही सोयही आहे. पावसाचा ट्रॅक निवडायचा, त्याच्या लगेच खाली बोलण्याचा ट्रॅक ठेवायचा, की बोलणं सुरू झाल्यावर पाऊस १२ डेसिबलनं खाली जातो. काम चोख होतं, पण तीन शब्दांच्या वाक्यांत पाऊस दर दोन सेकंदांनी वर-खाली होतो आणि कान बोलणं सोडून त्याच्यामागं जातो. शेवटी सुरुवातीला चार सेकंद पाऊस, मग ‘पाऊस आला’, आणि पुढं अधूनमधून दोन सेकंदांची सर, असं ठेवलं. ते बरं ऐकू येतं.

आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकूनच निवडावेत. हेडफोनवर झकास वाटलेली ढगांची गडगड फोनवर जवळजवळ नाहीशी होते, कारण एवढ्याशा स्पीकरला खालचा जाड सूर काढता येत नाही. ढग हवा असेल तर सुरुवातीचा ‘कडाड’ तेवढा घ्या, मागची घरघर सोडा. म्हशीचं हंबरणंही असंच फसतं, लांबून मोटर सुरू झाल्यासारखं वाटतं. पाचव्या क्लिपेतली म्हैस म्हणूनच काढली आणि कावळा आणला. म्हशीच्या गळ्यातही घंटा ठेवली होती, तीही गेली ते बरंच झालं, कारण छोट्या स्पीकरवर दोन घंटांत फरक कळत नाही.

फोनवर चांगले वाजणारे आवाज घरातच निघतात. पावसासाठी सुपात तांदूळ हळूहळू फिरवा. स्टीलच्या ताटात टाकले तर गारा वाटतात. विस्तवासाठी बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळा. पंखांची फडफड म्हणजे ओला नसलेला पातळ पंचा दोन्ही हातांनी झटकणं. घंटा पितळी छोटी घ्या आणि फोन हातभर लांब ठेवा. जवळ धरली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. घंटेची शेपटी दोन-तीन सेकंद रेंगाळते आणि पुढच्या वाक्यात शिरते. आत लोलकाला कापसाचा धागा गुंडाळला की ती आखूड होते. इंटरनेटवरून आवाज घ्यायचाच असेल तर फ्रीसाउंड या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलखाली परवाना लिहिलेला असतो. `CC0` असेल तर अट नाही, इतर परवान्यांत बनवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं, आणि काहींत व्यावसायिक वापरालाही मनाई असते.

बोलणं आणि इफेक्ट एकाच दमात रेकॉर्ड करू नका. फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो, त्यामुळं घंटा वाजली की लगेच पुढचं वाक्य दबतं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये तर सारखा चालणारा पाऊस किंवा पाचट हा खोलीतला गोंगाट समजून पुसला जातो. बोलण्यासाठी पंखा बंद, खिडकी बंद आणि समोर दोरीवर एक वाकळ. खानापूरकडं पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा नाद सोडलेलाच बरा.

वाक्यांबद्दल थोडं. ‘पळताना चिंगीची घंटा पडली’ हे वाक्य मोठ्यांना सोपं वाटतं, पण त्यात दोन घटना एकात गुंतल्यात. ‘चिंगी पळाली. घंटा पडली.’ असं तोडलं की मधे आवाज ठेवायलाही जागा मिळते. ‘ती’, ‘तिला’ टाळून दरवेळी ‘चिंगी’च म्हणायचं, मूल दुसऱ्या क्लिपेपासून ऐकायला बसलं तरी अडत नाही. निवेदन साधं ठेवलं तरी कावळ्याचं बोलणं मात्र गावचं असावं: ‘काय गं चिंगे, रडायलीस कशाला?’ पुस्तकी ‘का रडत आहेस’ला पोरं हसत नाहीत, याला हसतात.

आता तुकडे पाडणं. सगळी गोष्ट एकाच प्रोजेक्टमध्ये जोडायची, घंटा बोलण्यापेक्षा ६ ते ८ डेसिबल खाली ठेवायची, सगळं मिक्स करून एक ट्रॅक करायचा आणि मग त्या पूर्ण ट्रॅकवर आवाजाची एकूण पातळी ठरवणारं `Loudness Normalization` चालवायचं. LUFS हे त्या पातळीचं माप; त्यात आधीपासून भरलेला -23 LUFS आकडा फोनसाठी फार हळू पडतो, -16 ठेवावा. हे तुकडे पाडल्यावर केलं तर शांत असलेली चौथी क्लिप उगाच चढते. मग प्रत्येक क्लिपेचा भाग निवडून `Ctrl+B` दाबून लेबल द्यायचं:

```
01-chingi
02-oos
03-ghanta-padli
04-ghanta-nahi
```

नंबर 01 असाच हवा; नुसता 1 दिला तर दहाच्या वर क्लिपा असलेल्या गोष्टीत काही फोनांवर 10 हा 2 च्या आधी लागतो. एक्स्पोर्ट करताना `Multiple Files` निवडून लेबलांप्रमाणे फाइली पाडायच्या. लेबल भाग निवडून दिलेलं असेल तर तेवढाच भाग बाहेर येतो. नुसत्या एका बिंदूवर दिलेलं असेल तर फाइल पुढच्या लेबलापर्यंत जाते, आणि ते लेबल जरा उशिरा पडलं असेल तर पुढच्या क्लिपेची सुरुवात कच्चकन कापली जाते. प्रत्येक क्लिपेच्या शेवटी आवाज विरू द्या आणि अर्धा सेकंद मोकळा ठेवा. सुरुवातीला मात्र एक सेकंद मोकळा हवाच, कारण अंगणवाडीतले ब्लूटूथ स्पीकर जागे होईपर्यंत पहिला शब्द खातात, आणि इथं पहिला शब्द बहुतेक वेळा ‘चिंगी’च असतो. एमपीथ्री, मोनो, 64 kbps ठेवलं की ४० सेकंदांची क्लिप ३२० केबीच्या आसपास होते, म्हणजे सात मिळून सव्वादोन एमबी. व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून जोडून पाठवा, आणि एक पोचली की मगच दुसरी, नाहीतर नेटवर्क कमी असलेल्या गावात क्रम उलटसुलट लागतो.

उणीव एक मोठी आहे. पात्रं तीनच्या वर गेली की ही पद्धत कोसळते, कारण प्रत्येकाला वेगळा ओळखू येणारा आवाज मिळत नाही. संवादावर चालणाऱ्या गोष्टीही यात बसत नाहीत; त्या समोर बसून सांगाव्यात. वेळही लागतो: सात क्लिपांच्या गोष्टीला बोलणं तासाभरात होतं, पण आवाज जागेवर बसवायला त्याच्या तिप्पट.

ऑडॅसिटीच्या प्रोजेक्टची मूळ `.aup3` फाइल जपून ठेवा, मिक्स करण्याआधीची वेगळी प्रत म्हणून. एखाद्या गावात सहाव्या क्लिपेतला ‘ओढा’ कळत नाही, तिथं ‘नाला’ लागतो. मग तेवढं एकच वाक्य त्याच खोलीत, त्याच वाकळेसमोर पुन्हा बोलून सहावी क्लिप तेवढी नव्यानं काढता येते.