फोन हरवल्यावर ऑथेंटिकेटर: बॅकअप कोड, सिंक की डुप्लिकेट सिम?

फोन हरवल्यावर डुप्लिकेट सिम मिळालं की ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनसाठी सहा आकडी कोड दाखवणारं ॲपही परत येईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारे ते सहा आकडे मोबाइल नंबरावरून येत नाहीत. क्यूआर स्कॅन करताना फोनमध्ये साठवलेल्या गुप्त कीवरून ते तयार होतात. सिम फक्त एसएमएसच्या ओटीपीसाठी कामाचं, तेही खात्यात तो पर्याय आधी जोडलेला असेल तरच. शिवाय आपल्याकडे सिम बदलल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद असतात.

सिंक, म्हणजे या कींची प्रत ऑनलाइन खात्यात ठेवणं, त्यापेक्षा सोयीचं. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये ते २०२३ पासून आहे. नव्या फोनवर ॲप टाकून त्याच गूगल खात्यानं आत गेलं की सगळे कोड दिसतात. पण समजा, एका विद्यार्थिनीचा फोन लोकलमध्ये गेला. तिच्या जीमेलला आणि गिटहबला, दोन्हींना ऑथेंटिकेटर लावलेलं, सिंक चालू. नव्या फोनवर ती गूगल खातं उघडायला गेली, तर तिथेच सहा आकडे मागितले. ते आकडे त्याच खात्यात. म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं.

इथे आधीच काढून ठेवलेला बॅकअप कोडच कामी येतो. गूगल एका वेळी आठ आकडी १० कोड देतं आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. तिनं पासवर्ड टाकला, `Try another way` निवडलं, कागदावरचा एक कोड भरला आणि ती आत गेली. मग ऑथेंटिकेटर सिंक झालं आणि गिटहबचे आकडेही मिळाले. कागद मात्र ताज्या संचाचा हवा: नवे कोड काढले की जुने सगळे रद्द होतात. जुनाच कागद जपून ठेवलेले लोक इथेच अडकतात.

कोडही नसतील, तर गूगलकडे खातं परत मिळवण्याची विनंती करता येते. ती नेहमीच्या लॅपटॉपवरून, नेहमीच्या जागेवरून करावी. तरी खात्री नाही आणि काही दिवस थांबावं लागू शकतं. त्याआधी लॅपटॉपवर खातं उघडं आहे का ते पाहा. पूर्वी तिथे ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ निवडलेलं असेल, तर बहुधा नुसत्या पासवर्डवर आत जाऊन नवे कोड काढता येतात. गिटहबचे रिकव्हरी कोड वेगळे, `github-recovery-codes.txt` या फाइलमध्ये उतरतात. ती फाइल हरवलेल्या फोनमध्येच असेल तर उपयोग शून्य.

माझं मत स्पष्ट आहे: मुख्य ईमेलचे कोड कागदावर, घरात, बाकीच्या खात्यांसाठी सिंक. एसएमएस फक्त जोडीला, कारण तुमच्या नावानं दुसऱ्यानं सिम काढलं तर ओटीपी त्याच्याकडे जातात.

आत गेल्यावर हरवलेला फोन खात्यातून लगेच साइन आउट करा. तो लॉक नसेल, तर प्रत्येक सेवेत ऑथेंटिकेटर नव्यानं जोडा. तेव्हाच जुन्या फोनमधली की निकामी होते.