क्लिपर की क्लॅम्पर? साइन वेव्ह देऊन पाहू

दोन सर्किटं शेजारी शेजारी मांडा. दोन्हींत इनपुट तेच: 10 व्होल्ट पीकची, 1 किलोहर्ट्झची साइन वेव्ह. दोन्हींत आउटपुटपासून ग्राउंडकडे उतरणारी शाखाही तीच: सिलिकॉन डायोडचा अ‍ॅनोड वर, कॅथोडला 2 व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक आणि ऋण टोक ग्राउंडला. फरक इनपुट आणि आउटपुट यांच्या मधल्या घटकात. पहिल्यात तिथे 1 किलोओहमचा रेझिस्टर आहे, म्हणून तो क्लिपर. दुसऱ्यात 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि आउटपुटवर 100 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलाय, म्हणून तो क्लॅम्पर.

दोन्हींचं आउटपुट वर +2.7 व्होल्टलाच अडतं: बॅटरीचे 2 आणि डायोडचे 0.7. त्यामुळे नुसता वरचा भाग बघून ओळखायला गेलात तर फसाल. खरा फरक खाली दिसतो.

क्लिपरचा अंदाज सोपा आहे, कारण त्याला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक क्षणी एकच प्रश्न विचारायचा: इनपुट 2.7 च्या वर आहे का? नसेल तर डायोड बंद, रेझिस्टरमधून करंट नाही, आउटपुट म्हणजे इनपुटच. असेल तर आउटपुट 2.7 वर सपाट आणि उरलेला व्होल्टेज रेझिस्टरवर. 10 sin θ = 2.7 सोडवलं की θ साधारण 15.7 अंश येतो. म्हणजे 15.7 ते 164.3 अंशांपर्यंत माथा सपाट, बाकी सगळी मूळ साइन, खाली थेट −10 पर्यंत.

क्लॅम्परमध्ये 0 अंशापासून चित्र काढायला बसू नका. आधी डायोड कधी चालू होतो ते शोधा आणि कपॅसिटर किती चार्ज होतो ते काढा. इनपुट 2.7 ओलांडून 10 कडे चढताना डायोड चालू, आउटपुट 2.7 वर अडकलेलं आणि कपॅसिटरवर 10 − 2.7 = 7.3 व्होल्ट साठतात. गंमत म्हणजे या पहिल्या पाव सायकलपुरता क्लॅम्पर हुबेहूब क्लिपरसारखा वागतो. पीक उलटला की डायोड बंद होतो आणि तिथून पुढे आउटपुट = इनपुट − 7.3. साइनचा आकार शाबूत, नुसती खाली सरकलेली: वर +2.7, खाली −17.3. पीक-टू-पीक मोजा, 20 व्होल्टच येतात. ताळा म्हणून हे दर वेळी करावं. क्लॅम्परच्या उत्तरात 20 आले नाहीत तर कुठेतरी चिन्ह चुकलंय.

बेंचवर यात एक घोळ हमखास होतो, माझाही झालाय. क्लॅम्पर जोडला, ऑसिलोस्कोप लावला, तर साइन शून्याभोवतीच! अर्धा तास डायोड बदलत बसलो. चॅनल एसी कपलिंगवर होतं आणि क्लॅम्परने घातलेली डीसी पातळी स्कोपच गाळून टाकत होता. डीसी कपलिंग केलं की चित्र जागेवर येतं. एसी कपलिंगवर क्लिपरचाही सपाट माथा चुकीच्या उंचीवर दिसतो. स्कोप नसेल तर मल्टिमीटर डीसीवर ठेवा: क्लॅम्परला सुमारे −7.3 दिसतील, क्लिपरला सुमारे −1.95.

क्लॅम्परचा 100 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड मिळून RC 100 मिलिसेकंद होतो, म्हणजे 100 सायकली. दर सायकलीला कपॅसिटर फक्त 0.07 व्होल्ट गळतो. तोच कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरडचा घेतलात तर गळती 0.7 च्या आसपास जाते, डायोडला दर पीकला ती भरून काढावी लागते आणि माथा किंचित चेपलेला दिसू लागतो.

मग निवडायचं काय? सिग्नलचा आकार टिकवून पातळी हलवायची असेल तर क्लॅम्पर. पुढच्या सर्किटला जादा व्होल्टेजपासून वाचवायचं असेल तर क्लिपरच. क्लॅम्पर त्या कामाला घेतला तर वरून वाचवून खालून −17.3 चा दणका देईल. अर्थात एका डायोडचा क्लिपरही −10 खाली सोडतोच. ती बाजू अडवायला उलटा डायोड आणि उलटी बॅटरी अशी दुसरी शाखा लागते.

इनपुट स्थिर नसेल तर आणखी एक गोष्ट बघा. समजा पीक अचानक 10 वरून 3 व्होल्टवर आला. क्लिपर त्याच सायकलीत +2.7 ला कापतो. क्लॅम्परच्या कपॅसिटरवर मात्र जुने 7.3 तसेच असतात, ते 0.3 पर्यंत उतरायला सुमारे तीन RC, म्हणजे 0.3 सेकंद जातात. तोवर माथा +2.7 च्या बराच खाली लोंबकळत राहतो.