लांब भिंत की आखूड भिंत? दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये स्पीकर कुठे ठेवावेत

ऐरोली, खारघर किंवा घोडबंदर रोडच्या वन बीएचकेचा हॉल साधारण दहा बाय चौदा फुटांचा धरू. एका आखूड बाजूला बाल्कनीची सरकती काच, दुसऱ्या बाजूला किचनकडे जाणारा पॅसेज. टीव्ही युनिट लांब भिंतीला, समोरच्या भिंतीला चिकटलेला सोफा. छोटे दोन स्पीकर आणले की प्रश्न येतो: असंच राहू द्यायचं, की सगळं फिरवून आखूड भिंतीकडे न्यायचं?

लांब भिंतीचा मोठा फायदा बाजूंना आहे. दोन स्पीकरमध्ये सहा फूट सोडले तरी दोन्हीकडे चार-चार फूट उरतात. भिंतीवर आपटून येणारा आवाज त्यामुळे थोडा उशिरा आणि हलका होऊन पोचतो, आणि गायकाचा आवाज बरोब्बर मधोमध ऐकू येतो. खोट आहे ती सोफ्याची. डोक्यामागे फूटभरावर भिंत असली की मागून परतणारा आवाज मूळ आवाजापेक्षा दोन फूट जास्त चालून येतो. २८० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खातात, आणि नेमका तिथेच माणसाच्या आवाजाचा भरीवपणा असतो. खर्जाचं उलटं होतं. दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो आणि भिंतीपाशी तो सगळ्यात जास्त फुगतो. तबल्याचं रेकॉर्डिंग लावून पाहा: डग्ग्याची मींड सरळ उतरण्याऐवजी एका जागी भुस्सकन मोठी होत असेल, तर हेच चाललंय.

यावर उपाय फुकटचा आहे. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढा, म्हणजे डोकं अडीच फुटांवर येतं. स्पीकरचं तोंड समोरच्या भिंतीपासून सव्वा फुटावर ठेवलं तर ऐकण्याचं अंतर सव्वासहा फूट होतं. दोन स्पीकरमधल्या सहा फुटांशी ते छान जुळतं. मधल्या जागेतला काचेचा टीपॉय मात्र बाजूला करा. त्याच्यावरून उसळणारा आवाज सरळ कानावर येतो. तिथे सतरंजी किंवा जाड गालिचा टाका, कारण चकचकीत टाइल्सही तेच काम करतात.

आखूड भिंतीचा पर्याय कागदावर सरस दिसतो. लांबी चौदा फुटांची असल्यामुळे स्पीकर भिंतीपासून दोन फूट आणि तुम्ही मागच्या भिंतीपासून पाच फूट बसू शकता. खर्ज बराच आटोपशीर होतो. पण आता बाजूच्या भिंती जवळ येतात. स्पीकरमध्ये पाच फूट ठेवले तर दोन्हीकडे अडीच फूटच उरतात. इथे आरशाची युक्ती वापरा: तुम्ही जागेवर बसा, घरच्या कुणाला तरी दाढीचा आरसा भिंतीला टेकवून, कानाच्या उंचीवर, हळूहळू सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल तिथे पुस्तकांचं कपाट किंवा भिंतीपासून थोडा सुटा, भरपूर चुण्यांचा जाड पडदा हवा. आपल्या हॉलमध्ये हे अवघड जातं, कारण एका टोकाला स्पीकर ठेवले तर बाल्कनीचं दार अडतं, दुसऱ्या टोकाला पॅसेजमुळे एका बाजूला भिंतच नसते. मग गायक एकीकडे झुकतो. शिवाय खोलीच्या मध्यातला सोफा घरातल्या येण्याजाण्याच्या आड येतो, हे कुणी सांगायला नको.

दोन्ही मांडणींत स्पीकरची वरची छोटी चकती, जिच्यातून तार स्वर येतात, ती बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावी. टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला स्पीकर पेटीत बोलल्यासारखा वाटतो, तो निदान कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणा. स्पीकरच्या पाठीला भोक असेल आणि भिंत जवळ असेल, तर त्यात सैल गुंडाळलेला मोजा घालून बघा. खर्ज थोडा कमी होतो आणि नाही आवडला तर मोजा काढता येतो. अंड्यांचे ट्रे मात्र चिकटवू नका. खर्जावर त्यांचा काही परिणाम नाही, झुरळांची सोय तेवढी होते.

माझं मत विचाराल तर घरात टीव्ही, बातम्या, नाटकं आणि मधूनमधून गाणी असतील, दोघं-तिघं एकत्र बसत असतील, तर लांब भिंत ठेवा आणि सोफा पुढे घ्या. एकटे, डोळे मिटून मैफल ऐकणारे असाल आणि दोन्ही बाजूंना पूर्ण भिंत मिळत असेल, तरच आखूड भिंतीचा खटाटोप करा. दहा बाय दहाची बेडरूम असेल तर निवडायलाच काही नाही, लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्हीकडून एकच सूर घुमतो. तिथे खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा भिंतीला टेकून तेवढं बसू नका.

आणि तपासणी पावसाळ्यात, दारं-खिडक्या बंद ठेवून एकदा करा. उघड्या बाल्कनीतून बराच खर्ज बाहेर निघून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात नीट वाटलेली मांडणी जुलैत घुमायला लागते. तेव्हा सोफा आणखी चार-सहा इंच मागेपुढे करून पाहावा लागतो.