मालवण, नेत्राणी की हॅवलॉक? पहिल्या स्कूबासाठी आधी महिना बघा, मग पाणी

पावसाळा संपत आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, पोरांना घेऊन स्नॉर्कलिंग-स्कूबा करायचंय, मालवण पुरेल की सरळ अंदमानच गाठू? आणि बहुतेकांचा निर्णय कुठल्यातरी रीलवरून झालेला असतो, ज्यात पाणी काचेसारखं निळं आणि मासे ढिगाने. ते रील जानेवारीतलं असतं आणि यांची सुट्टी दिवाळीची. म्हणून मी जागेआधी महिना विचारते, आणि त्याच्याही आधी हे की तुम्हाला वरून बघायचंय का खाली उतरायचंय, कारण या दोन गोष्टींना लागणारं पाणी वेगळं आहे.

विझिबिलिटी पाच मीटर म्हणजे पाण्याखाली समोर साधारण पाच मीटरपर्यंतचं दिसतं, एवढंच. आता समजा तळ सहा मीटरवर आहे आणि पाणी चार मीटरचं दाखवतंय, तर वर तरंगत स्नॉर्कलिंग करणाऱ्याला नुसता हिरवा धूर दिसणार, पैसे पाण्यात. पण त्याच जागी, त्याच वेळी स्कूबावाला खाली खडकाजवळ गेला की त्याला हाताच्या अंतरावर मासे दिसतात आणि तो खूश होऊन वर येतो. म्हणजे कमी विझिबिलिटीच्या जागी स्कूबा परवडतो, स्नॉर्कलिंग नाही, आणि उथळ स्वच्छ लगून, म्हणजे पोवळ्यांच्या कड्याआतलं शांत पाणी, असेल तर उलट, तिथे टाकी न लावताही भरपूर दिसतं. मालवणला 'स्नॉर्कलिंगमध्ये काहीच दिसलं नाही' म्हणणारे आणि 'स्कूबा मस्त झाला' म्हणणारे दोघंही खरं बोलत असतात.

मालवण-तारकर्लीपासून सुरू करू, कारण गाडीने जाता येतं आणि खर्च सगळ्यात कमी. इथे विझिबिलिटी चांगल्या दिवशी सात-आठ मीटर, एरवी तीन ते पाच. कारण सरळ आहे, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला कोळंबची खाडी, किनारा वाळूचा, त्यामुळे गाळ जवळच असतो. बोटी आणि वॉटरस्पोर्ट्स मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत बंद, सप्टेंबरला सुरू होतात, पण सुरू झालं म्हणजे पाणी निवळलं असं नाही. ऑक्टोबरातही पाणी हिरवट असतं, गाळ बसला तरी प्लँक्टन, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, असतात. खरा सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्चही चालतो. नंतर दुपारचा वारा वाढत जातो, अकरानंतर लाटा उठायला लागतात, म्हणून उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळचीच वेळ घ्या.

आता एक गोष्ट जी बुकिंगवाला सांगत नाही पण कुठलाही मच्छीमार सांगेल, तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळ ढवळतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल कमी. शिवाय ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं आणि भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, म्हणजे खाडीजवळच्या जागी भरती पूर्ण व्हायच्या तासाभर आधीपासून ते पूर्ण होईपर्यंतचा वेळ बेस्ट. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमारास. हा हिशोब मुंबईकडचा, मालवणला त्याच्या थोडं आधीच धरा, आणि नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतंच.

याचा उपयोग कसा होतो बघा. २०२६ च्या नाताळात पौर्णिमा २३-२४ डिसेंबरला आहे. म्हणजे २५, २६, २७ हे लाँग वीकेंडचे तिन्ही दिवस ऐन उधाणात, भरती दुपारकडे, सकाळी लवकर गेलात तर नुकतीच ओहोटी संपलेली, आणि उशिरा गेलात तर गर्दी आणि वारा. त्याऐवजी आदल्या शनिवार-रविवारी, १९-२० डिसेंबरला, दशमी-एकादशी येते. उधाण अजून चढलेलं नाही, भरती सकाळी साडेसात-आठच्या आसपास, वारा पडलेला, आणि हॉटेलचे नाताळचे रेट अजून लागलेले नाहीत. तेच मालवण, पाच दिवसांचा फरक, पण पाणी वेगळं मिळायची शक्यता बरीच जास्त. शक्यता म्हणतेय, कारण मध्येच कुठे अवकाळी ढग आले किंवा लांबच्या वादळाची लाट आली की सगळा हिशोब बाजूला. तिथे पोचल्यावर बोटीत बसायच्या आधी नांगराचा दोर किती हात खाली दिसतो ते बघा, दोन हातांत दिसेनासा झाला तर स्नॉर्कलिंग करू नका. बोटवाला प्रामाणिक असला तर स्वतःच म्हणतो, 'आज पाणी गढूळ असा, उद्या येवा.' अशा माणसाकडेच उद्या जा.

नवशिक्यांसाठी मालवण सोयीचं ते उथळपणामुळे. पोहता न येणाऱ्यालाही गाइड धरून तीन-पाच मीटरवर नेतो, दहा-पंधरा मिनिटं, एक व्हिडिओ, झालं. अडचण वेगळीच आहे. सीझनला रांग एवढी असते की काही ठिकाणी समजावणं दोन मिनिटांत उरकतात, आणि मग कान दुखतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची ती दुखायला लागल्यावर नाही, उतरायला लागल्यापासून, दर अर्ध्या मीटरला. दुखलंच तर खाली न जाता थोडं वर यायचं आणि मग फुंकायचं. हे तुम्हाला किनाऱ्यावरच नीट करून दाखवलं नाही आणि सर्दीबद्दल, दम्याबद्दल विचारलं नाही, तर दुसरा ऑपरेटर बघा. घाई नको असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, तिथे ट्रेनिंगचा खोल टँक आहे, आधी त्यात सराव होतो.

नेत्राणी हे कर्नाटकातलं, मुर्डेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत समुद्रात. कोकण रेल्वेने मुर्डेश्वरला उतरता येतं, त्यामुळे कोल्हापूर-बेळगावकडच्यांनाच नाही तर मुंबईकरांनाही बरं पडतं. किनाऱ्याचा गाळ एवढ्या लांब पोचत नाही म्हणून चांगल्या दिवशी पंधरा मीटर आणि वरही दिसतं, मालवणच्या दुप्पट धरायला हरकत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम. इथे तिथीपेक्षा वाऱ्याला महत्त्व जास्त. पण बेट म्हणजे सरळ खडक, किनारा नाही, उतरायचं ते बोटीवरूनच, पाय टेकवायला जागा नाही. बोट तासदीड तास जाते आणि खरा त्रास तिथे पोचल्यावर, उभी बोट हलत राहते आणि नाश्ता बाहेर. उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, कारण काही गोळ्यांनी झोप येते आणि ते पाण्याखाली नको. मासे मात्र खरंच भरपूर, खडकांच्या कपारीत मोरे ईल, वर बॅराकुडाचे थवे. ज्याला पाण्याची भीती नाही, निदान पोहता येतं, त्याने पहिला स्कूबा इथे करावा, पण नुसतं स्नॉर्कलिंग करायला एवढा प्रवास करू नये असं माझं मत.

आणखी एक, जे आपल्याकडच्यांनाच लागू पडतं. दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीचा किंवा दुसरा घाट चढायला निघू नका. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन शिल्लक असतो आणि उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो, विमानाचा नियम आहे तोच इथे. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह असतील तर १८ तास थांबायला सांगतात. आंबोली जवळपास ७०० मीटरवर आहे. मालवणच्या चार मीटरवरच्या पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही, पण नेत्राणीला खोल दोनदा उतरला असाल तर रात्र खालीच काढा.

अंदमानातलं हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. विझिबिलिटी बाहेरच्या जागी वीस-पंचवीस मीटर, पण ऐका, पहिल्यांदा करणाऱ्याला तिथे नेत नाहीत. ट्राय डाइव्ह बहुतेक वेळा नेमो रीफसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी होतो, वाळूतून चालत आत, आणि तिथे आठ-दहा मीटर दिसलं तरी छान. म्हणजे जाहिरातीतला निळा फोटो एका जागेचा आणि तुमचा डाइव्ह दुसऱ्या जागेचा. तरी शिकवण्याची शिस्त, छोटे ग्रुप, लाट नसलेलं पाणी, यात हॅवलॉक पुढेच. डिसेंबर ते एप्रिल चांगलं, त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल पाणी सगळ्यात शांत. दिवाळीत तिथे परतीचा पाऊस आणि वादळांचे दिवस असतात, फेरी रद्द झाली की पुढचं सगळं बुकिंग कोलमडतं. मेच्या शेवटी मान्सून येतो. स्नॉर्कलिंगसाठी बरेच जण एलिफंट बीचला जातात, गर्दी प्रचंड आणि किनाऱ्याजवळची बरीच पोवळी मेलेली, २०१० आणि २०१६ ला पाणी तापून पोवळी पांढरी पडली होती त्याचा हा परिणाम. शेजारच्या नील बेटावरचा भरतपूर बीच बरा, पण भरतीच्या वेळी, ओहोटीला पोवळी उघडी पडतात आणि माणसं त्यांच्यावर चालतात, पायही कापतात.

स्वच्छ पाण्याचीही एक गंमत आहे, वीस मीटर दिसत असलं की किती खोल आलोय ते कळत नाही, नवा माणूस खाली बघून एकदम घाबरतो. आधी गाइडला सांगून ठेवा की समोर बघत उतरवा.

गोव्याचं ग्रँड आयलंड मालवणसारखंच, मांडवी-जुवारीचं पाणी जवळ, वेगळं लिहायची गरज नाही. लक्षद्वीपला लगून उथळ आणि निळंशार, नुसतं स्नॉर्कलिंग करायचं तर या सगळ्यांत पहिला नंबर, फक्त परवाना आणि जायची सोय महिनोनमहिने आधी बघावी लागते.

मग कोणी काय करावं? सुट्टी दिवाळीचीच असेल तर नुसत्या डाइव्हसाठी कुठेच पैसे घालू नका, मालवणला जा, किल्ला बघा, जमलं तर एक स्कूबा. नाताळच्या आसपास असेल आणि घरात आजी-आजोबा, पोरं, पोहता न येणारे असे सगळे असतील तर मालवण, तिथी बघून. चार मित्र, पोहता येतं, गाडी लागण्याचा त्रास नाही, तर नेत्राणी. आणि कोर्स करायचा असेल, म्हणजे ओपन वॉटर, ज्यात मोठ्यांना १८ मीटरपर्यंत उतरता येतं, वय किमान १० लागतं आणि २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, तर तीन-चार दिवस हातात ठेवून फेब्रुवारी-मार्चमध्ये हॅवलॉक. दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे त्या दिवसांत आपल्याकडचे फार जण निघत नाहीत, तिकीटंही नाताळपेक्षा स्वस्त पडतात.

मास्कबद्दल सांगायचं राहिलं. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क आहे का ते बुकिंगलाच विचारा, आयत्या वेळी मिळत नाही. आणि भरघोस मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरतंच, नाकाखालचा तेवढा काठ आदल्या रात्री उतरवला की काम होतं, अख्खी मिशी काढायची गरज नाही.