‘पाडव्याच्या आसपास’ या दोन शब्दांनी घातलेला गंडा

मी पुण्यात घरूनच कोकणातल्या मालाची ऑनलाइन विक्री करते. आगळ, कुळथाचे पीठ, आंबोशी अशा वस्तूंबरोबर उन्हाळ्यात हापूसच्या पेट्याही असतात. २०२५ च्या हंगामात एका पुरवठादाराने मला फसवले, आणि त्याची शब्दरचना जशीच्या तशी उचलल्यामुळे माझ्या बारा ग्राहकांच्या दृष्टीने फसवणारी मीच ठरले. आगाऊ नोंदणीवर माल घेणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून जे घडले ते येथे लिहीत आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या पुरवठादाराच्या पानावर हापूसची आगाऊ नोंदणी सुरू झाली. पाच डझनांची पेटी ४,५०० रुपये, पूर्ण रक्कम आधी आणि पोच ‘पाडव्याच्या आसपास’ असा मजकूर होता. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता. मी बारा पेट्यांचे ५४,००० रुपये भरले आणि माझ्या पानावर तेच शब्द लिहून ५,२०० रुपयांप्रमाणे बारा जणांकडून पैसे घेतले. माल उशिरा आला तर काय, याविषयी त्याच्या पानावर एक ओळही नव्हती, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नव्हती.

पाडवा गेला. विचारणा केली की ‘दोन-चार दिवसांत गाडी निघते आहे’ हे उत्तर ठरलेले असे. एप्रिलच्या मध्यावर ‘अवकाळी पावसाने फळ गळले’ असे कळवण्यात आले, पण कोणत्या बागेत आणि कोणत्या तारखेला, हे विचारल्यावर फोन उचलणे बंद झाले. अक्षय्य तृतीयाही (३० एप्रिल) कोरडी गेली. शेवटी १४ मे रोजी सात पेट्या आल्या. उरलेल्या पाच पेट्यांचे २२,५०० रुपये परत न करता ‘पुढच्या हंगामात वळते करू’ असे मला परस्पर कळवण्यात आले.

यातली मेख कळायला मला वेळ लागला. हापूसचा भाव हंगामभर सारखा नसतो. मार्चमधली पहिली पेटी सर्वांत महाग असते, आवक वाढेल तसा भाव उतरतो, आणि त्या मे महिन्यात तशीच पेटी आमच्याकडे निम्म्याहून कमी दराने मिळत होती. म्हणजे पैसे मार्चच्या भावाने घ्यायचे आणि माल मेच्या भावाने उचलून द्यायचा, हाच त्याचा धंदा होता. एरवी उशिरामुळे विक्रेत्याचे नुकसान होते. येथे प्रत्येक आठवड्याच्या उशिराने त्याचा नफा वाढत होता. अशा मालात पोच-तारीख हा किमतीचाच भाग असतो, त्यामुळे ती मोघम ठेवणाऱ्याने किंमतही मोघमच ठेवलेली असते.

तक्रार करायला गेले तेव्हा दुसरा धडा मिळाला. दरम्यान त्याच्या पानावरचे ‘पाडव्याच्या आसपास’ जाऊन तेथे ‘हंगामानुसार उपलब्ध’ असे आले होते आणि मी जुन्या मजकुराचे छायाचित्र काढून ठेवले नव्हते. करार कायद्याच्या कलम ४६ नुसार, मुदत ठरलेली नसेल तर काम वाजवी मुदतीत व्हावे लागते. परंतु वाजवी म्हणजे किती, हा प्रत्येक प्रकरणात नव्याने वाद घालण्याचा विषय असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक माझ्या कामाचा नव्हता, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारी व्यक्ती ‘ग्राहक’ या व्याख्येत बसतच नाही. माझे बारा ग्राहक मात्र त्या व्याख्येत पुरेपूर बसत होते, आणि त्यांची विक्रेती मी होते. ऑनलाइन विक्रीसाठीचे २०२० चे नियम सांगतात की माल सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा उशिरा पोचला, तर विक्रेत्याला माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. अपवाद फक्त आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. या वाक्यातला ‘सांगितलेल्या’ हा शब्द पुन्हा वाचावा. मोघम लिहिणारा विक्रेता नेमका त्याच शब्दातून निसटू पाहतो.

मला निसटायचे नव्हते. तिघांनी मे महिन्यातली पेटी घेतली आणि त्यांना भावातला फरक मी परत दिला. उरलेल्या नऊ जणांचे ४६,८०० रुपये पूर्ण परत केले. त्यांपैकी एक आजी म्हणाल्या, ‘‘अगं, आंबा नाही आला याचं काही नाही, पण रोज उद्या उद्या का म्हणालीस?’’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या हंगामापूर्वी मी नोंदणीचा मजकूर नव्याने लिहिला. त्यासाठी आधी बागायतदाराशी बोलले, कारण तारीख पंचांगातून येत नाही, झाडावरून येते. फळ धरल्यापासून काढणीपर्यंत हापूसला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. फेब्रुवारीत पैसे घेताना त्या पुरवठादाराला पाडव्याची पेटी शक्य आहे की नाही हे माहीत असणारच, कारण तेव्हा फळ झाडावर कैरीएवढे तरी दिसायला हवे होते. मी एकदाही ‘फळ केव्हा धरले?’ असे विचारले नाही. आता माझ्या पानावर असे लिहिलेले असते:

‘‘हा माल आज माझ्याकडे नाही, ही आगाऊ नोंदणी आहे. बागेत फळ डिसेंबरअखेर धरले आहे, त्यावरून पेटी तुमच्या दारात १२ ते २२ एप्रिलदरम्यान पोचेल. फळ कच्चे असेल. पेंढ्यात पिकायला आणखी आठ-दहा दिवस लागतील. आज पेटीमागे ५०० रुपये घेत आहे, उरलेली रक्कम माल निघताना. उशीर होणार असेल तर ५ एप्रिलपर्यंत कारण आणि नवी तारीख कळवीन. ती तुम्ही होकार दिला तरच लागू होईल. होकार न आल्यास किंवा २२ एप्रिल उलटल्यास तीन दिवसांत पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाईल. निघण्याच्या दिवशी बाजारभाव उतरलेला असेल तर उतरलेला भाव लागेल.’’

यातील ‘होकार दिला तरच’ हे शब्द मी सर्वांत विचार करून लिहिले आहेत, कारण बहुतेक ठिकाणी ग्राहकाचे मौन ही संमती समजली जाते आणि पैसे अडकून राहतात. तसेच तारीख कशाची आहे, माल निघण्याची, दारात पोचण्याची की खाण्यायोग्य होण्याची, हे न लिहिल्यास दहा-बारा दिवसांची पळवाट आपोआप तयार होते. पेटी वेळेत येऊनही तृतीयेला आमरस झाला नाही, तर ग्राहकाच्या लेखी तो उशीरच असतो.

संपलेल्या मालाची मागणी नोंदवून घेण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. आगळ संपले की मी ‘लवकरच येईल’ असे लिहीत नाही. मालवणहून बाटल्या निघाल्याचे कळल्यावरच तारखेसह नोंदणी उघडते, आणि तोपर्यंत पैसे न घेता फक्त नाव लिहून घेते.

आता मी कोणाकडेही पैसे भरण्यापूर्वी पानाचे तारखेसह छायाचित्र काढते आणि पोच-तारीख व परताव्याची अट पुरवठादाराकडून लेखी मागते. गेल्या खेपेला तिघांपैकी दोघांनी ती दिली. तिसऱ्याने ‘विश्वास नाही का, ताई?’ असे विचारले. त्याच्याकडून मी माल घेतला नाही. माझे २२,५०० रुपये अजून त्या पहिल्या पुरवठादाराकडेच आहेत.